गल्ल्यातून रोजचा वाटा कसा काढायचा: नवीन दुकान घातलेल्यांसाठी

गावच्या लक्ष्मी यात्रेला बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड अशी चहूकडं पांगलेली भावकी एका घरात जमली होती. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर थोरल्या आण्णांनी मला बोलायला उभं केलं. या वर्षात घरातल्या तिघांनी धंदा घातलाय. थोरल्या पुतण्यानं खानापुरात किराणा दुकान, धाकट्या वैनींनी वडगावात खानावळ आणि मावसभावानं मोबाईलचं दुकान. रोजच्या विक्रीतला ठरलेला वाटा बाजूला कसा काढायचा, एवढ्याच गोष्टीवर मी बोललो. पुतणीनं फोनवर ते रेकॉर्ड केलं होतं. तेच आकडे नीट मांडून इथं दिलंय.

मंडळी, बसा निवांत. पुतण्या, तू वही घेऊन पुढं ये, तुझ्याच दुकानाचं उदाहरण घेणार आहे.

विक्रीतला वाटा, नफ्यातला नव्हे

वाटा नफ्यातून काढावा असं कुणालाही वाटेल. पैसे आपले तेवढेच, मग वाटाही त्याच्यातूनच निघायचा. पण रात्री शटर ओढताना आज नफा किती झाला हे किराणा दुकानदाराला सांगता येत नाही. साखरेच्या पोत्यात नफा वेगळा, साबणात वेगळा, सुट्ट्या डाळीत वेगळा. नफा कळतो माल मोजल्यावर, आणि माल रोज कोण मोजतो? रात्री हातात एकच खरा आकडा असतो, तो म्हणजे आज किती पैसे आले. म्हणून वाटा त्या आकड्यावर धरायचा. मात्र तो किती टक्के धरायचा हे नफ्याकडं बघून एकदाच ठरवायचं. ही दोन कामं वेगवेगळी आहेत, मिसळू नका.

लोक सांगतात, कमाईतला दहावा हिस्सा मागं टाकावा. नोकरदाराला ते ठीक आहे, पगार सगळा त्याचाच असतो. दुकानदाराच्या गल्ल्यातले शंभर रुपये त्याचे नसतात. त्यातले अठ्ठ्याऐंशी रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याचे, कंपनीच्या सेल्समनचे, पाववाल्याचे. अशा शंभरातून दहा बाजूला काढले तर ते व्यापाऱ्याच्याच पैशातून काढले. तीन-चार महिने छान वाटतं, डबा भरत जातो, आणि तोवर फळ्या रिकाम्या झालेल्या असतात.

पहिलं काम: महिन्याचा नफा विक्रीवर किती टक्के बसतो ते काढा

नवीन दुकान असेल तर पहिले तीन महिने वाटा काढायचाच नाही. त्या काळात गिऱ्हाईक काय मागतं ते कळत असतं, रोज नवीन माल भरावा लागतो, आणि आलेला पैसा मालातच जायला पाहिजे. पण वही पहिल्या दिवसापासून लिहायची. चौथा महिना लागला की एक महिना धरून हिशेब करायचा.

एक तारखेला दुकान उघडायच्या आधी सगळा माल खरेदी भावानं मोजायचा. एमआरपीनं नाही, आपण घेतला त्या भावानं. पोती, डबे, बरण्या, फळीवरची बिस्किटं, सगळं. दोन माणसं लागतात, एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं. पुतण्या, तुझा माल निघाला १,८०,००० रुपयांचा. महिनाभर जो माल आणला त्याची बिलं एका तारेत अडकवून ठेवलीस, त्यांची बेरीज २,०६,०००. महिना संपल्यावर पुन्हा माल मोजला, तो राहिला १,७४,८०० चा. आता सुरुवातीचा माल आणि खरेदी मिळून ३,८६,०००. त्यातून उरलेला माल वजा केला की २,११,२००. एवढ्या किमतीचा माल तुझ्या दुकानातून बाहेर गेला. महिन्याची विक्री होती २,४०,०००. म्हणजे २८,८०० सुटले, विक्रीवर बरोबर बारा टक्के.

या विक्रीत उधारीवर गेलेला मालही धरायचा. पैसे आले नसले तरी माल फळीवरून गेलेला आहे. घरी नेलेला मालही खरेदी भावानं लिहायचा आणि घरखर्चात टाकायचा. नाहीतर घरात गेलेलं तेल आणि डाळ सगळं नफ्यातून कमी दिसतं आणि दुकान पडतं आहे असं वाटतं.

इथं एक चूक हमखास होते. शंभरला घेतलेली वस्तू एकशे बाराला विकली तर नफा बारा टक्के झाला असं आपण म्हणतो. तो खरेदीवरचा झाला. विक्रीवर तो बारा भागिले एकशे बारा, म्हणजे पावणेअकराच्या आसपास येतो. वाटा आपण विक्रीवर काढणार, म्हणून टक्काही विक्रीवरचाच पाहिजे. फरक सव्वा टक्क्याचा वाटतो, पण पुढं बघा, आपला सगळा वाटाच दोन टक्क्यांचा निघणार आहे.

दुसरं काम: वाट्याचा टक्का ठरवा

आता त्या २८,८०० मधून दुकानाचा खर्च काढूया. भाडं ४,०००, लाईटबिल १,५००, टेम्पो आणि हमाली ३,०००, पिशव्या, सुतळी, उंदरानं खाल्लेलं, सादळलेलं असं किरकोळ १,५००. झाले १०,०००. राहिले १८,८००. घराला तू महिन्याला १२,००० नेतोस. राहिले ६,८००.

आता टक्के लावून बघ. विक्रीवर तीन टक्के म्हणजे ७,२००. ते ६,८०० च्या वर गेलं, म्हणजे चारशे रुपये दर महिन्याला मालातून उचलले जाणार. दोन टक्के म्हणजे ४,८००. ते बसतंय, आणि वर २,००० मोकळे राहतात. ते मोकळे राहिलेच पाहिजेत. एखाद्या महिन्यात फ्रीज बिघडतो, एखादं पोतं भिजतं, तेलाचा भाव उतरला की चढ्या भावात घेतलेले डबे पडून राहतात. शिल्लक रकमेच्या तीन हिश्श्यांतले साधारण दोन वाट्याला आणि एक मोकळा, असं मी धरतो. तुझा टक्का ठरला दोन. रोज शंभराला दोन रुपये.

काय रे, तोंड का पडलं? दोन रुपये थोडे वाटतात ना? वर्षाचं बघ. आठ महिने २,४०,००० ची विक्री धर. पावसाचे तीन महिने १,८०,००० वर येतील. आपल्या खानापूर भागात पाऊस लागला की माणूस घराबाहेर पडत नाही, रोजगारही थांबतो. आणि चवथीचा एक महिना ३,२०,०००. मिळून २७,८०,०००. त्याचे दोन टक्के ५५,६००. व्याज अजून धरलेलंच नाही. पुढच्या वर्षीचा चवथीचा सगळा जादा माल रोखीनं उचलायला एवढे पुरतात.

वाटा टक्क्यात ठेवायचं कारणही इथंच आहे. रोज दोनशे टाकायचे असं ठरवलंस तर आषाढात गल्ल्यात तीन हजार जमले तरी दोनशेच काढावे लागतील. दोन दिवस काढशील, तिसऱ्या दिवशी सोडशील, आणि एकदा सुटलं की परत लागत नाही. टक्क्याचा वाटा विक्रीबरोबर खाली येतो. तीन हजार आले तर साठ रुपये. साठ कुणालाही निघतात.

तिसरं काम: रात्रीची मोजणी

हे काम रोजचं आहे, दहा मिनिटांचं आहे, आणि बाकी सगळं याच्यावर उभं आहे. दुकान बंद करताना गल्ला मोजायचा तो असा.

समज, सकाळी सुट्टे म्हणून ५०० ठेवून दुकान उघडलंस. रात्री गल्ल्यात ५,१४० निघाले. पाचशे वजा केले, ४,६४०. पण दिवसभरात गल्ल्यातून पैसे बाहेरही गेले होते. पाव आणि बटरवाल्याला ८६०, चहाला ४०, घरच्या भाजीला २००. ते विक्रीचेच पैसे होते, म्हणून परत मिळवायचे. झाले ५,७४०. फोनवर आलेले २,२६०. एकूण आजची जमा ८,०००. दोन टक्के १६०. ते तिथंच, गल्ल्याशेजारीच, वेगळ्या डब्यात टाकायचे आणि वहीत तारीख घालून लिहायचं.

वहीला खाने पाचच पुरतात: तारीख, रोख, फोनवरचे, गल्ल्यातून दिलेले, वाटा. एका दिवसाची एक ओळ. जास्त खाने आखले की आठवड्यात कंटाळा येतो.

तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली उधारी. आज ६५० ची उधारी दिली, ती आजच्या जमेत धरायची नाही. पैसे आले त्या दिवशी धरायची. नफा काढताना उधारी विक्रीत घेतली आणि वाटा काढताना सोडली, यात घोटाळा वाटू देऊ नका. नफा मालावरून निघतो, वाटा मात्र हातात आलेल्या पैशातूनच काढता येतो. न आलेल्या पैशाचा वाटा काढायला गेलात तर तो उद्याच्या खरेदीतून जाईल.

दुसरी गोष्ट फोनवरचे पैसे. क्यूआरवर आलेले पैसे डोळ्यांना दिसत नाहीत, पेटी फक्त आवाज देते, म्हणून त्यांचा वाटा राहून जातो. वाटा पूर्ण जमेवर काढायचा आणि होईल तोवर रोखीतूनच काढायचा. शहरातल्या दुकानात आता रोख कमी आणि फोनवरचं जास्त झालंय. तिथं रोखीतून सगळा वाटा काढला तर सकाळी पाववाल्याला द्यायला सुट्टे राहत नाहीत. तसं असेल तर दुसरं बचत खातं उघडा आणि रात्रीच फोनवरून वाट्याची रक्कम तिकडं टाका. त्या खात्याचं एटीएम कार्ड घरात कुलपात ठेवा आणि क्यूआरला ते खातं कधीच जोडू नका.

तिसरी गोष्ट घरात नेलेले पैसे. वैनी, आक्का, तुम्हालाही सांगतो, गल्ल्यातून शंभर-दोनशे घेतलेत तर चिठ्ठी टाका. मागू नका, खुशाल घ्या, पण चिठ्ठी टाका. चिठ्ठी नसली की जमा कमी दिसते, वाटा कमी निघतो, आणि महिन्याअखेर नफ्याचा टक्का काढायला बसलं की आकडा जुळत नाही. मग दुकानात काम करणाऱ्या पोरावर संशय जातो, त्याचा काही दोष नसताना.

चौथं काम: डब्यातले पैसे पिग्मीत

डबा ही एका रात्रीची किंवा फार तर आठवड्याची जागा. डब्यात पाच हजार साठले की ते दिसायला लागतात, आणि दिसले की कुणालातरी लागतात. आपल्याकडं सोय आहे पिग्मीची. एजंट रोज दुकानात येतो, मशीनवर पावती देतो, दहा रुपयेही घेतो. रक्कम रोज वेगळी चालते, त्यामुळं टक्क्याच्या वाट्याला ती बरोबर बसते. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत दर महिन्याला ठरलेलीच रक्कम भरावी लागते, म्हणून रोजच्या कमीजास्त वाट्याला ती पहिली जागा नव्हे. पिग्मीतून साठलेले पैसे पुढं हलवायला ती चांगली.

पिग्मी निघाली आपल्या कर्नाटकातच, हे तरुण पोरांना माहीत असावं. १९२५ साली उडुपीत एक बँक सुरू झाली, नंतर तिचं नाव सिंडिकेट बँक झालं. त्या भागातले हातमागवाले तेव्हा अडचणीत आले होते, त्यांना मदत व्हावी हा हेतू होता. डॉ. टी. एम. ए. पै हे तिच्या संस्थापकांपैकी एक. १९२८ साली त्या बँकेनं पिग्मी सुरू केली. एजंट दारात जाऊन रोज दोन आण्यांपासून पैसे गोळा करायचा. २०२० च्या एप्रिलमध्ये ती बँक कॅनरा बँकेत मिसळली. वडगाव-शहापुरातल्या मागवाल्यांच्या घरांना हे ऐकून आपलंच वाटेल. रोज थोडं कमावणाऱ्याकडून रोज थोडं घ्यायचं, ही सोय मुळात अशाच माणसांसाठी झाली.

आता सावधगिरी. आपल्या भागात पिग्मी बहुतेक सोसायट्या चालवतात, सहकारी पतसंस्था किंवा सौहार्द. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, एका खातेदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या किंवा सौहार्द सोसायटीच्या ठेवीला तो विमा नाही. सोसायट्या वाईट असं मी म्हणत नाही, आपल्या कितीतरी लोकांचे धंदे त्यांच्या कर्जावर उभे राहिले. पण वर्षाची पिग्मी पिकली की ती तिथंच पुन्हा ठेवून वाढवत नेऊ नका. पैसे बँकेच्या मुदत ठेवीत न्या आणि सोसायटीत पिग्मी नव्यानं सुरू करा. मग कुठल्याही वेळी सोसायटीत एका वर्षाच्या वाट्यापेक्षा जास्त अडकलेलं राहत नाही.

खातं उघडताना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर घ्या: मुदतीआधी मोडलं तर व्याज मिळतं का, मिळत नसेल तर वर किती कापतात, आणि पिग्मीवर कर्ज किती टक्के मिळतं. बऱ्याच ठिकाणी सहा महिने किंवा वर्ष व्हायच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, उलट एजंटाचं कमिशन आपल्या पैशातून कापतात. हे आधी कळलं तर ऐन गरजेला धक्का बसत नाही.

एजंट ओळखीचा असला, भावकीतला असला तरी पावती त्याच वेळी घ्या. पावत्या वहीच्या पानाला टाचा. महिन्यातून एकदा स्वतः शाखेत जाऊन पासबुक भरून आणा आणि वहीतल्या वाट्याच्या बेरजेशी ताडून बघा. एजंटाच्या हातानं पासबुक पाठवू नका. त्यात त्याच्यावर अविश्वास नाही. तपासणी आपली आहे, ती आपणच करायची.

पाचवं काम: हा पैसा कशाला लावायचा ते आधीच लिहा

डब्याच्या झाकणावर कागद चिकटवा. माझ्या डब्यावर तीनच ओळी आहेत. सणाचा माल रोखीनं. पावसाळ्यातलं भाडं आणि लाईटबिल. दुकानातली मोडतोड. लग्न, बारसं, यात्रा, गाडी यातलं काही त्यावर नाही. आज आपण यात्रेला जमलोय म्हणून मुद्दाम बोलतो. लक्ष्मीची यात्रा काही वर्षांनी येते, पाहुणे येतात, मांडव पडतो, खर्च होतोच आणि तो आनंदानं करायचा. पण त्याची तजवीज घरखर्चाच्या पैशातून वेगळी करायची. दुकानाचा वाटा जेवणावळीत गेला तर पुढच्या चवथीला माल उधारीवर येणार.

उधारीवरचा माल काय भावात पडतो ते बघा. चवथीच्या आधी रवा, गूळ, खोबरं, तेल असा ४०,००० चा जादा माल लागतो समजा. व्यापारी रोखीला एक भाव सांगतो, महिन्याच्या उधारीला दुसरा. फरक शेकडा दोन धरला तरी आठशे रुपये गेले. वर त्याच्याकडं जे असेल ते घ्यावं लागतं. खोबरं जुनं आहे, परत घ्या, असं उधारीवाल्याला म्हणता येत नाही. रोखीवाला पोतं उघडून बघतो.

आणि ज्याच्याकडं व्यापाऱ्याची उधारीही नसते तो रोजच्या वसुलीच्या कर्जाकडं जातो. बाजारात हा व्यवहार कसा चालतो ते सगळ्यांनी ऐका. दहा हजाराचं कर्ज म्हणतात, हातात नऊ हजार देतात, आणि शंभर दिवस रोज शंभर घेऊन जातात. हजार रुपयेच व्याज, असं वाटतं. पण तुम्ही रोज परत देत असता, त्यामुळं नऊ हजार सगळे दिवस तुमच्याकडं नसतातच. सरासरी साडेचार हजारच असतात. साडेचार हजाराला शंभर दिवसांत हजार रुपये. वर्षाचा दर काढला तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातो. रोज शंभर काढायची ताकद त्या दुकानदारात आहे, हे त्या शंभर दिवसांत सिद्धच झालं की. तेच शंभर आधी पिग्मीत गेले असते तर त्याच दिवसांत दहा हजार त्याच्या स्वतःच्या नावावर असते.

ठरलेल्या तीन कारणांशिवाय उचलायची वेळ आलीच, घरात दवाखाना निघालाच, तर उचला. माणसापुढं डबा मोठा नाही. फक्त रक्कम आणि तारीख वहीत लाल शाईनं लिहा, आणि परतफेडीसाठी टक्का वाढवू नका. दोन टक्के तसेच चालू ठेवा. भरपाई म्हणून चार टक्के काढायला लागलात की मालाला हात लागतो.

वाटा खरा आहे की नुसता दिसतोय, ते कसं ओळखायचं

आण्णा, हे तुम्ही मला मघाशी विचारलंत, आणि प्रश्न अगदी मुळाचा आहे. पिग्मी वाढते आहे म्हणजे दुकान वाढतं आहे असं नाही. दर तीन महिन्यांनी चार आकडे एका पानावर लिहा. दुकानातला माल खरेदी भावानं, येणारी उधारी, व्यापाऱ्यांचं देणं, आणि वाट्याची शिल्लक. माल, उधारी आणि वाटा मिळवा, त्यातून देणं वजा करा. हा आकडा मागच्या खेपेपेक्षा वाढला पाहिजे, आणि निदान वाट्याएवढा तरी वाढला पाहिजे.

समजा तीन महिन्यांत वाटा १४,४०० झाला. पण व्यापाऱ्याचं देणं ९,००० नं वाढलं आणि माल ६,००० नं कमी झाला. म्हणजे १५,००० दुसऱ्या बाजूनं गेले. पिग्मीत आलेले पैसे व्यापाऱ्याचे आणि फळीवरचे होते. अशा वेळी टक्का अर्ध्यावर आणायचा, आणि आधी कारण शोधायचं. बहुतेक वेळा कारण दोन ठिकाणी सापडतं. घरात जास्त जातंय, किंवा उधारी वाढून ती येईनाशी झालीय. येणारी उधारी बेरजेत धरताना सहा महिन्यांवरची उधारी धरूच नका. ती आली तर आनंद आहे, पण हिशेबात ती पैसा नव्हे.

पान लिहायच्या आधी दिसणारी एक खूण आहे. सेल्समन आला आणि तुम्ही "पुढच्या आठवड्यात या" म्हणायला लागलात, आणि त्याच दिवशी पिग्मीवाल्याला मात्र पैसे दिलेत, तर टक्का जास्त झालाय हे पक्कं समजा.

अशी वेळ आली नाही तर टक्का बदलायचा तो वर्षातून दोनदाच. एकदा दिवाळीच्या पाडव्याला, नवीन वही घालताना माल मोजतोच तेव्हा, आणि एकदा पावसाळ्याच्या तोंडावर. मध्येच चांगला आठवडा गेला म्हणून वाढवायचा नाही, वाईट गेला म्हणून कमी करायचा नाही.

मोबाईलचं दुकान आणि खानावळ

मावसभाऊ विचारतो, मलाही दोन टक्केच का? नाही. तुझ्या गल्ल्यातून तीन हजारांचे रिचार्ज झाले तर त्यातले तुझे समजा नव्वद. बारा हजारांचा हँडसेट विकला तर तुझे तीन-चारशे. या दोन्हीचे पूर्ण पैसे जमेत धरायचेच नाहीत, फक्त सुटलेलं कमिशन धरायचं. कव्हर, चार्जर, काच यात निम्मा नफा असतो, ते पूर्ण धर. दुरुस्तीची मजुरीही पूर्ण धर. एका दिवशी कमिशन ९०, कव्हर-चार्जर १,८००, मजुरी ६०० झाली तर जमा २,४९०. यावर दहा टक्केसुद्धा निघू शकतात, २४९ रुपये. पण तुझं भाडं बेळगावातलं आहे, म्हणून पुतण्यासारखाच खर्च मांडून आधी तपासून घे.

वैनी, तुमचं गणित निराळं आहे. रोज चाळीस ताटं, ऐंशी रुपयांनं, म्हणजे ३,२००. किराणा, भाजी, गॅस १,९००. हाताखालच्या बाईला ४००. भाडं आणि लाईट दिवसाला २०० पडतात. राहिले ७००, त्यातले ४५० घराला. उरले अडीचशे. सहा टक्के म्हणजे १९२, हे तुम्हाला बसतं, आणि किराणा दुकानापेक्षा टक्का तिप्पट दिसला तरी घाबरायचं कारण नाही. तुमच्याकडं माल साठत नाही, रोज आणता, रोज संपतो, त्यामुळं गल्ल्यातला तुमचा हिस्साही मोठा आहे.

पण तुमच्याकडं कॉलेजची मुलं महिन्याचे पैसे एक तारखेला आगाऊ देतात. त्या दिवशी गल्ल्यात तीस-चाळीस हजार दिसतात आणि त्यावर लगेच सहा टक्के काढावेसे वाटतात. ते काढू नका. ते पैसे म्हणजे अजून न घातलेलं जेवण आहे. मूल दहा तारखेला गावाकडं गेलं तर त्यातले काही परतही द्यावे लागतील. आगाऊ आलेले सगळे पैसे एका वेगळ्या पाकिटात किंवा खात्यात ठेवा आणि रोज त्यातला तिसावा भाग गल्ल्यात आणा. तीस हजार आले असतील तर रोज एक हजार. तो त्या दिवशीच्या जमेत धरा, वरून आलेल्या सुट्ट्या ताटांचे पैसे मिळवा, आणि त्या बेरजेवर सहा टक्के. सुट्टीच्या महिन्यात मुलं कमी झाली की पाकीट आपोआप हलकं होईल, वाटाही तेवढाच कमी होईल, आणि ताटात काय वाढायचं याला हात लावावा लागणार नाही.